वेढणं २३ महिन्यांचं, ईटीएफ १४ महिन्यांचा: आधी काय विकू?

मुळाकाठची | ११ जानेवारी २०२६

नमस्कार. घराच्या वरच्या मजल्याचं काम काढलं आहे. ठेकेदाराला जानेवारीअखेर अडीच लाख द्यायचे आहेत आणि मार्चमध्ये पाचेक लाख लागतील. कर्ज काढायचं नाही, सोनं मोडायचं असं ठरलंय.

माझ्याकडे दोन प्रकारचं सोनं आहे. एक म्हणजे ५० ग्रॅमचं चोख सोन्याचं वेढणं. १६ फेब्रुवारी २०२४ ला घेतलं, जीएसटी धरून ३,२०,००० पडले, बिल आहे. आमचे सराफ आज त्याचे ६,६०,००० द्यायला तयार आहेत. दुसरं म्हणजे डिमॅटमधला गोल्ड ईटीएफ. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये एकरकमी १,५०,००० चा घेतला होता, आज साधारण २,६५,००० दिसतात.

मी नोकरी करते, कर नव्या पद्धतीने भरते आणि पगार ३० टक्क्यांच्या टप्प्यात जातो. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली, सोनं एक वर्ष झालं की लाँग टर्म, बिनधास्त वेढणं विकून टाक. भाऊ म्हणतो तीन वर्षं लागतात. कोण बरोबर? आणि आधी काय विकावं?

खडूस_काका | ११ जानेवारी

सोनं विकायचं नसतं, ते सुनेला दाखवायचं असतं. बाकी चालू द्या.

डिमॅटधारी | ११ जानेवारी

मैत्रीण बरोबर आहे. आता सगळ्याला एक वर्षच आहे, २०२४ च्या बजेटमध्ये बदललं. साडेबारा टक्के कर, आणि त्यातही पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्यावर काही नाही. मी दरवर्षी मार्चमध्ये तेवढा नफा काढून घेतो.

हिशेबनीस | ११ जानेवारी

डिमॅटधारी, थांबा. सव्वा लाखाची सूट शेअर्स आणि शेअर्सच्या फंडांना आहे. सोन्याला ती नाही, ना वेढण्याला ना ईटीएफला. तुम्ही मार्चमध्ये काढता तो नफा शेअर्सचा असेल तर ठीक. सोन्याचा असेल तर रिटर्न पुन्हा एकदा उघडून बघा.

ताई, मैत्रीण आणि भाऊ दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. तीन वर्षं हा २३ जुलै २०२४ च्या आधीचा नियम. त्या दिवसापासून दोनच मुदती उरल्या. बाजारात नोंदलेल्या रोख्यांना १२ महिने आणि बाकी सगळ्याला २४ महिने. वेढणं, नाणं, बिस्कीट, दागिना हे 'बाकी सगळ्या'त येतात. ईटीएफ बाजारात नोंदलेला असतो म्हणून त्याला १२. आणि मुदतीपेक्षा 'जास्त' काळ हवा. २४ महिने पुरे होण्याचा दिवस धरून चालत नाही, तो उलटावा लागतो.

तुमचं वेढणं आज २३ महिन्यांचंही पुरतं नाही. आज विकलंत तर ३,४०,००० चा नफा पगारात मिळवला जाईल आणि त्यावर ३० टक्के लागतील. सेससकट १,०६,०८०. तेच १६ फेब्रुवारी उलटल्यावर विकलंत तर साडेबारा टक्क्यांनी, सेससकट ४४,२००. म्हणजे पाच आठवडे थांबण्याचे ६१,८८० रुपये.

मुळाकाठची | ११ जानेवारी

बापरे. एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. पण पाच आठवड्यांत भाव पडला तर?

वरवंटा | ११ जानेवारी

हाच खरा प्रश्न आहे. कर वाचवायला थांबले आणि भावात गेलं, असे लोक मी शेअर्समध्ये खूप पाहिलेत. हातात आलेले पैसे घ्या आणि मोकळ्या व्हा.

हिशेबनीस | १२ जानेवारी

तो हिशेब मांडून बघू, अंदाजावर कशाला सोडायचं.

आज विकून कर भरल्यावर हातात ६,६०,००० वजा १,०६,०८० म्हणजे ५,५३,९२० राहतात. फेब्रुवारीत विकलंत तर नफ्याचे सेससकट १३ टक्के जातील. मग किती किमतीला विकल्यावर हातात तेवढेच ५,५३,९२० राहतील? उत्तर येतं ५,८८,९०० च्या आसपास. पडताळा घ्या. नफा २,६८,९००, त्यावर १३ टक्के म्हणजे ३४,९५७, उरले ५,५३,९४३.

म्हणजे सराफाने सांगितलेली किंमत ७१ हजारांनी, सुमारे पावणेअकरा टक्क्यांनी उतरेपर्यंत थांबण्यात तोटा नाही. पाच आठवड्यांत सोनं एवढं पडणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण पैज लावायची असेल तर इतकी मोकळी जागा सहसा मिळत नाही. वरवंटा म्हणतात ते तीन-चार टक्क्यांच्या फरकात खरं ठरतं, इथे नाही.

वरवंटा | १२ जानेवारी

मान्य. पण हे ३० टक्क्यांत आहेत म्हणून. सगळ्यांना लागू नाही.

हिशेबनीस | १२ जानेवारी

अगदी. त्यावर येतोच, कुणीतरी विचारेलच.

नगरी_मिसळ | १२ जानेवारी

एक सोपा उपाय सांगतो. वेढणं आज सराफाकडे देऊन टाका, भाव आजचा बांधून घ्या आणि बिल १८ फेब्रुवारीचं करायला सांगा. ओळखीचा सराफ असला की करतो. भावाची भीती नाही आणि करही कमी.

हिशेबनीस | १२ जानेवारी

नको. सोनं हातातून गेलं आणि भाव ठरला की विक्री त्याच दिवशी झाली, बिलावर तारीख काहीही घाला. त्यात ताईंना जानेवारीतच पैसे हवेत. बँकेत २० जानेवारीला सराफाचे पैसे जमा आणि बिल १८ फेब्रुवारीचं, हे कुणीही दोन कागद शेजारी ठेवून पकडेल. शिवाय सराफाच्या साठ्याच्या वहीत आपलं वेढणं कधी चढलं ते आपल्या हातात नसतं.

आणि रोखीने घेण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर, दोन लाख किंवा जास्त रोख घेतली की तितकाच दंड होऊ शकतो, तोही पैसे घेणाऱ्याला. इथे घेणाऱ्या ताई. बँकेतूनच घ्या.

रानजाई | १२ जानेवारी

वाचतेय. माझाही प्रश्न घुसवते, माफ करा. आईच्या पाटल्या माझ्याकडे आल्यात. तिने त्या १९८८ च्या सुमारास केल्या होत्या, ती २०२४ च्या दिवाळीनंतर गेली. त्या मोडून मुलीसाठी नवीन घडवायच्या आहेत. माझ्याकडे येऊन २४ महिने झालेले नाहीत, म्हणजे थांबायला हवं का? बिल अर्थातच नाही. आणि मी विकत नाहीये, बदलून घेतेय, मग कर कसला?

खडूस_काका | १२ जानेवारी

पाटल्या मोडू नका हो. १९८८ चं घडणकाम आता मिळत नाही. हल्लीच्या पाटल्या आतून पोकळ असतात.

हिशेबनीस | १२ जानेवारी

रानजाई, तीन गोष्टी, तिन्ही वेगळ्या.

वारशाने किंवा आईवडिलांकडून भेट म्हणून आलेल्या सोन्यात आधीच्या मालकाचा काळ धरला जातो. तुमच्या पाटल्या कायद्याच्या दृष्टीने १९८८ पासून आहेत. थांबायची गरज नाही, त्या कधीच लाँग टर्म झाल्यात.

किंमत आईने दिली तीच धरायची. पण १ एप्रिल २००१ च्या आधीची वस्तू असेल तर त्याऐवजी त्या दिवशीचा बाजारभाव घेता येतो. बिल नाही म्हणून नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून वजन, कॅरेट आणि त्या तारखेची किंमत यांचा दाखला करून घ्या. हा दाखला पाटल्या वितळायच्या आधी घ्यायचा असतो. सराफाने आटवल्या की व्हॅल्युअरने पाहायचं काय?

आणि बदली ही कायद्याने विक्रीच. सराफ बिलात जुन्याची किंमत नव्याच्या किमतीतून वजा करतो, आपल्या खात्यात एक रुपयाही येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की काही झालंच नाही. पण जुन्या पाटल्यांची जी किंमत लावली ती तुमची विक्री किंमत. नव्या पाटल्यांची मुदत मात्र त्या दिवसापासून शून्यावर येते. वर्षभरात काही कारणाने त्या विकाव्या लागल्या, तर १९८८ चा दाखला त्यांच्या कामाचा नाही.

रानजाई | १२ जानेवारी

अरे देवा. आजवर घरात इतक्या वेळा मोड देऊन नवीन घेतलंय, कुणी कधी हे बोललं नाही. सराफानेही नाही.

शब्दपारखी | १२ जानेवारी

सराफ कशाला सांगेल. त्याचं काम घट धरायचं आणि घडणावळ लावायचं.

जुनाजाणता | १३ जानेवारी

सरकारने महागाईचा निर्देशांक काढून टाकला हे कुणी बोलत नाही. आधी २० टक्के होते पण खरेदी किंमत वाढवून मिळायची. आता आईच्या पाटल्यांची किंमत २००१ ची, आणि २५ वर्षांची महागाई आपल्याच डोक्यावर. घरांना निदान जुना हिशेब निवडता येतो, सोन्याला तेही नाही. शुद्ध अन्याय.

हिशेबनीस | १३ जानेवारी

घरांचं बरोबर आहे. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या जमीन-घरांना तो पर्याय आहे, सोन्याला नाही. तत्त्व म्हणून तुमची तक्रार रास्त. पण आकडे करून बघा. पाटल्यांची २००१ ची किंमत १६,००० धरू आणि आज ५ लाख येतात असं मानू. जुन्या पद्धतीने २०२४-२५ च्या ३६३ निर्देशांकाने किंमत ५८,०८० झाली असती, नफा ४,४१,९२० आणि २० टक्क्यांनी कर ८८,३८४. नव्या पद्धतीने नफा ४,८४,००० आणि कर ६०,५००. सोनं महागाईच्या कितीतरी पुढे धावलं, म्हणून इथे नवा नियमच स्वस्त पडतो. भाव रेंगाळत राहिला असता तर चित्र उलटं दिसलं असतं.

जुनाजाणता | १३ जानेवारी

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी तत्त्व म्हणून चुकीचंच.

मुळाकाठची | १३ जानेवारी

सगळ्यांचे आभार. मग माझं असं ठरतंय की जानेवारीचे अडीच लाख ईटीएफमधून काढायचे आणि वेढणं १६ फेब्रुवारीनंतर. ईटीएफला १४ महिने झालेत, म्हणजे तो लाँग टर्म. १,१५,००० च्या नफ्यावर सेससकट १४,९५०. बरोबर ना?

डिमॅटधारी | १३ जानेवारी

मला वाटतं नाही. सव्वा लाखाच्या बाबतीत माझी गल्लत झाली, पण हे मला पक्कं माहीत आहे. एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ या काळात घेतलेल्या सोन्याच्या ईटीएफला मुदतच नाही. पाच वर्षं ठेवा नाहीतर दहा, शॉर्ट टर्मच. ताईंची खरेदी नोव्हेंबर २०२४ ची, म्हणजे बरोबर त्या खिंडीत. माझ्या ब्रोकरच्या कर-अहवालात माझे त्या काळातले युनिट शॉर्ट टर्मच दाखवतात.

मुळाकाठची | १३ जानेवारी

आता हे काय नवीन?

हिशेबनीस | १४ जानेवारी

डिमॅटधारींनी योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. मीच हे पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतं.

२०२३ मध्ये ५०एए नावाचं कलम आलं. त्याचा रोख कर्जरोख्यांच्या फंडांवर होता. पण व्याख्या अशी लिहिली की देशी कंपन्यांच्या शेअर्समध्ये ३५ टक्क्यांपेक्षा जास्त पैसे नसलेला कुठलाही फंड त्यात यावा. सोन्याचा ईटीएफ शेअर्स घेतच नाही, म्हणून तो विनाकारण त्यात अडकला. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या युनिटांचा नफा कितीही काळ ठेवला तरी शॉर्ट टर्म.

मग २०२४ मध्ये व्याख्या बदलली. आता ज्या फंडाचे ६५ टक्क्यांपेक्षा जास्त पैसे कर्जरोख्यांत आहेत तोच या कलमात. सोनं सुटलं. ही नवी व्याख्या कर-निर्धारण वर्ष २०२६-२७ पासून लागू, म्हणजे १ एप्रिल २०२५ पासूनच्या विक्रीला.

वाद पुढे आहे. मधल्या दोन वर्षांत घेतलेले आणि आता विकलेले युनिट कुठे बसतात? मी आणि माझ्या ओळखीचे बरेच जण असं वाचतो की नफा ज्या वर्षी झाला त्या वर्षीचा कायदा बघायचा. त्या वर्षीच्या व्याख्येत सोन्याचा फंड नाहीच, म्हणून नेहमीची १२ महिन्यांची मुदत. दुसरा पक्ष म्हणतो की खरेदीच्या वेळी जो शिक्का बसला तो बसला. जुन्या खरेदीचं काय करायचं हे कलमात वेगळं लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही वाचनं फिरत आहेत.

डिमॅटधारी | १४ जानेवारी

मग ब्रोकरचा अहवाल चूक?

हिशेबनीस | १४ जानेवारी

ब्रोकरचं सॉफ्टवेअर कुणीतरी एका वाचनावर बसवलेलं असतं. अहवाल म्हणजे आदेश नाही, पण तो दुर्लक्षून रिटर्न भरलंत तर उद्या नोटीस आल्यावर उत्तर तयार ठेवा. ताईंच्या बाबतीत दोन आकडे आहेत. माझ्या वाचनाने १४,९५०, दुसऱ्या वाचनाने ३५,८८०. फरक २०,९३०. तुमच्या सीएंशी बोलून एक बाजू घ्या आणि तो फरक बाजूला ठेवून द्या.

क्रम मात्र बदलत नाही. ईटीएफवर वाईटात वाईट धरलं तरी जास्तीचे २१ हजार. वेढणं आत्ता विकलंत तर जास्तीचे ६२ हजार, आणि तिथे वादाला जागाच नाही.

वरवंटा | १४ जानेवारी

हे चांगलं सांगितलं. वादाचं ते आधी विका आणि पक्कं ते मुदत भरल्यावर.

शिकवणीवाली | १५ जानेवारी

मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. वर कुणीतरी म्हणालं की हे ३० टक्क्यांवाल्यांचं झालं. माझं उत्पन्न शिकवण्यांचं, खर्च वजा जाता वर्षाला तीनेक लाख. दीड वर्षापूर्वी स्वतःच्या पैशातून दोन नाणी घेतली, आज विकली तर अडीच लाखांचा नफा दिसतोय. मीही २४ महिने थांबू का? धागा वाचून तसंच वाटतंय.

हिशेबनीस | १५ जानेवारी

याचीच वाट बघत होतो. तुम्ही थांबू नका.

या आर्थिक वर्षात नव्या पद्धतीत पहिले ४ लाख करमुक्त आहेत, आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असलं की टप्प्यांनुसार लागणाऱ्या करावर पूर्ण सवलत मिळते. शॉर्ट टर्म सोन्याचा नफा टप्प्यांतच मोडतो. आज विकलंत तर ३ अधिक अडीच, एकूण साडेपाच लाख. त्यावरचा कर ७,५०० येतो, तो सवलतीत पूर्ण जातो. भरायचे शून्य.

मुदत उलटल्यावर तोच नफा खास दराचा होतो आणि खास दराच्या करावर ती सवलत लागू नाही. ४ लाखांपैकी उरलेले एक लाख नफ्यातून वजा करता येतात. राहिलेल्या दीड लाखावर साडेबारा टक्के, सेससकट १९,५००. उत्पन्न आणि नियम असेच राहिले तर थांबल्याबद्दल तुम्ही साडेएकोणीस हजार मोजणार.

शिकवणीवाली | १५ जानेवारी

म्हणजे कमी दिवस ठेवलं तर फायदा? हे कुठेच वाचलं नव्हतं.

हिशेबनीस | १५ जानेवारी

सगळीकडे ३० टक्क्यांचं उदाहरण घेऊन लिहितात म्हणून. बारा लाखांच्या आतल्या माणसाला आणि मोठ्या पगारदाराला मुदत उलट्या दिशेने ओढते. फक्त एक खात्री करा. नाणी तुमच्याच पैशातली हवीत. नवऱ्याने पैसे दिले आणि बिल बायकोच्या नावावर केलं असेल तर नफा नवऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो, आणि मग त्याचा टप्पा बघावा लागतो. माहेरून आलेल्या सोन्याला ही अडचण नाही.

नगरी_मिसळ | १५ जानेवारी

हॅ हॅ, मी आत्ताच बायकोच्या नावावर वेढणं घ्यायला निघालो होतो.

खडूस_काका | १५ जानेवारी

घ्या की. विकायचं नाही एवढंच.

अ‍ॅपप्रेमी | १६ जानेवारी

मी मोबाइलवर डिजिटल सोनं घेतो, दर महिन्याला हजार-दोन हजार. ते कागदी सोनं, म्हणजे एक वर्ष ना?

डिमॅटधारी | १६ जानेवारी

नाही, हे आता मलाही येतं. ते बाजारात नोंदलेलं नाही. मागे तिजोरीत खरं सोनं ठेवलेलं असतं, म्हणून वेढण्यासारखेच २४ महिने. आणि दर महिन्याचं तुमचं घेणं वेगळं मोजायचं, पहिल्या खरेदीची मुदत भरली म्हणून सगळ्यांची भरत नाही.

हिशेबनीस | १६ जानेवारी

सहमत. तोच घोळ गोल्ड फंडात होतो. ईटीएफमध्ये पैसे टाकणारा जो साधा म्युच्युअल फंड असतो, त्याचे युनिट बाजारात खरेदी-विक्रीला नसतात, म्हणून त्याला २४ महिने. एकाच कंपनीचा ईटीएफ आणि त्याच ईटीएफवर चालणारा फंड, दोघांत एक वर्षाचा फरक. कागदी म्हणजे लवकर सुटणारं, असं नाही.

जुनाजाणता | १६ जानेवारी

धागाकर्तीने वेढणं घेतलं त्याच आठवड्यात सुवर्णरोख्यांची शेवटची मालिका खुली होती, ६,२६३ रुपये ग्रॅमने. ते घेतलं असतं तर आठ वर्षांनी नफा पूर्ण करमुक्त, वर अडीच टक्के व्याज. व्याजावर कर आहे, पण तरी.

मुळाकाठची | १६ जानेवारी

काका, जखमेवर मीठ. पण मला पैसे दोन वर्षांनी लागले, आठ वर्षांनी नाही.

जुनाजाणता | १६ जानेवारी

शेअर बाजारात विकता आले असते. १२ महिन्यांनंतर तिथेही साडेबारा टक्केच.

रानजाई | १९ जानेवारी

व्हॅल्युअरकडे जाऊन आले. पाटल्यांचं वजन ४१ ग्रॅमच्या वर निघालं, पण त्याने कस लावून २२ कॅरेटपेक्षा कमी सांगितले. जुन्या दागिन्यांत डाग जास्त असतो म्हणे. दाखला मिळेल. फोटोही काढून ठेवलेत, चारही बाजूंनी, आतल्या शिक्क्यासकट. नवीन घडवायचं अजून ठरत नाहीये, मुलीला त्याच आवडायला लागल्यात.

खडूस_काका | १९ जानेवारी

मुलगी शहाणी आहे.

मुळाकाठची | २२ जानेवारी

ईटीएफ विकला, दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात आले, ठेकेदार खूश. सीए म्हणाले ते हिशेबनीसांच्या बाजूचे आहेत, पण २१ हजार मोडू नका. आणखी एक, वेढण्याचा कर जुलैत रिटर्नबरोबर भरला तर चालेल ना?

हिशेबनीस | २२ जानेवारी

चालेल, पण व्याज पडेल. पगारातून कापला जातो त्यात हा कर धरलेला नसतो. ईटीएफ आणि वेढणं दोन्हींचा मिळून आगाऊ कर १५ मार्चच्या हप्त्यात भरून टाका. विक्री १५ मार्चनंतर झाली तर ३१ मार्चपर्यंत. आणि यंदा आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ घ्यावा लागेल. खरेदीचं आणि विक्रीचं बिल एकत्र ठेवा. सराफाने वजनात घट धरली तर ती बिलावर लिहून घ्या.

वरवंटा | २ फेब्रुवारी

धागा वर आणतो. कालचं बजेट पाहिलं का? सुवर्णरोख्यांची करमाफी आता फक्त मूळ विक्रीत घेतलेल्या आणि मुदतपूर्तीपर्यंत ठेवलेल्या लोकांनाच देण्याचा प्रस्ताव आहे, १ एप्रिल २०२६ पासून. मी तर बाजारातून घेतलेत, करमाफीच्याच भरवशावर थोडे महाग मोजून.

जुनाजाणता | २ फेब्रुवारी

माझे मूळ विक्रीतले आहेत, पण पाच वर्षांनी रिझर्व्ह बँकेकडेच परत देणार होतो. ती मुदतपूर्ती धरतील का?

हिशेबनीस | २ फेब्रुवारी

प्रस्तावाचे शब्द बघता पाच वर्षांनी परत देणं म्हणजे मुदतपूर्ती नव्हे असं मला वाटतं, पण विधेयक मंजूर होताना काय होतं ते बघू. वरवंटा, तुम्ही विकायच्या आधी तुमचे १२ महिने झालेत का ते मोजा. मुदतपूर्तीची माफी गेली तरी साडेबारा टक्के आणि तुमचा टप्पा यातला फरक तिथेही आहेच.

वरवंटा | २ फेब्रुवारी

सात महिने झालेत.

मुळाकाठची | १९ फेब्रुवारी

वेढणं काल विकलं. सराफांनी मशीनवर ठेवलं, ९९५ निघालं, थोडी कुरकुर केली आणि भावात जरा खाली आले. बिलावर १८ तारीख आहे, पैसे बँकेत. ठेकेदार आता म्हणतोय फरशी वेगळी धरा.